खाणे दुप्पट, तहान भागत नाही, आणि तरी वजन नऊ किलोंनी कमी : हे गणित जुळते कसे?

कृष्णपुरा (इंदूर)

माझा धाकटा भाऊ ४६ वर्षांचा आहे आणि त्याचे कापडाचे दुकान आहे. होळीनंतर त्याची तहान वाढली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिचा दोष उन्हाला दिला. दुकानातला पाण्याचा जग दुपारपर्यंत रिकामा होऊ लागला, आणि तहान भागावी म्हणून तो रोज दोन मोठे पेले उसाचा रस पिऊ लागला. जेवणात चार पोळ्यांच्या जागी सहा आल्या, आणि रात्री अकरा वाजता तो पुन्हा स्वयंपाकघरात डबे उघडताना दिसू लागला. वहिनी म्हणत असे की एवढे खाणारा माणूस आजारी कसा असेल. मग एक दिवस शेजारच्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे, जिथे तो दर दिवाळीला गमतीने वजन करतो, त्याच काट्यावर तो उभा राहिला, आणि ७१ किलोंच्या जागी ६२ किलो भरले. पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली होती, तरी तोपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

तपासणीत जेवणानंतरची साखर ४१२ निघाली, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीए१सी १२.८ आला, आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी इन्सुलिन सुरू केले. उपचारांबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. रक्तात साखर गरजेच्या चौपट असताना माणसाला सतत भूक लागते, आणि तो दुप्पट खातो तरी वाळत जातो, असे का होते? मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या आहेत, त्यामुळे जमेची बाजू वाढली असताना शिल्लक घटली तर खर्च कुठे झाला, हे मला पाहायचे आहे.

मालवी

याचे उत्तर सोपे आहे. इन्सुलिन ही पेशीच्या दाराची किल्ली आहे. किल्ली नसल्यामुळे साखर बाहेर रक्तात साचते आणि पेशी आत उपाशी राहतात. पेशी उपाशी राहिल्या की मेंदूला भूक कळते, माणूस खातो, पण खाल्लेलेही आत जात नाही, म्हणून वजन उतरते.

जुना वर्ग (ग्वाल्हेर)

मी तीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे. मालवी यांनी सांगितलेली किल्लीची उपमा मीही वर्गात वापरत असे, परंतु तिच्यावर थांबणाऱ्या विद्यार्थ्याला मी अर्धेच गुण देत असे. ती उपमा स्नायू आणि चरबी यांना लागू पडते, पण मेंदूला साखर घेण्यासाठी इन्सुलिनची किल्ली लागतच नाही. शिवाय खरा खर्च पेशीच्या दाराशी होत नाही, तो मूत्रपिंडात होतो. कृष्णपुरा यांना हिशेब हवा आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

निरोगी मूत्रपिंडे दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात ओढून घेतात. १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम साखर असेल, तर या १८० लिटरमध्ये १८० ग्रॅम साखर येते, आणि ती शेवटच्या कणापर्यंत परत घेतली जाते. मात्र परत घेण्याच्या यंत्रणेलाही मर्यादा आहे. ती मिनिटाला साधारण ३७५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे ५४० ग्रॅम साखर परत घेऊ शकते. रक्तातली साखर ४०० झाली की गाळलेल्या द्रवात ७२० ग्रॅम साखर येते. त्यातून ५४० ग्रॅम वजा केल्यास १८० ग्रॅम उरते, आणि ती लघवीवाटे निघून जाते. एका ग्रॅमला चार कॅलरी धरल्या, तर आपल्या भावाच्या शरीरातून रोज ७२० कॅलरी, म्हणजे सुमारे सात पोळ्या, बाहेर पडत होत्या.

तहानेचे मूळही इथेच आहे. साखर पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे ती बाहेर जाताना एकटी जात नाही. १८० ग्रॅम साखर आपल्याबरोबर ढोबळमानाने दोन ते तीन लिटर पाणी ओढून नेते. रक्त घट्ट होऊ लागले की मेंदूतल्या तहानेच्या केंद्राला ते लगेच कळते. म्हणजे क्रम असा आहे की आधी लघवी वाढते आणि तिच्यामागून तहान येते. रुग्ण मात्र नेहमी उलटे सांगतो, की पाणी फार पितो म्हणून लघवीला फार जावे लागते.

छत्रीबाग

असे असेल तर रुग्णाला पाणी बेताने द्यावे, म्हणजे लघवीही कमी होईल आणि तिच्यातून साखरही कमी जाईल, असे करता येईल का?

जुना वर्ग (ग्वाल्हेर)

असे कृपया कोणीही करू नये. लघवीतून किती साखर जाईल हे रक्तातल्या साखरेवर ठरते, प्यालेल्या पाण्यावर ठरत नाही. पाणी तोडले तरी गळती चालूच राहते, फक्त भरपाई थांबते, आणि रक्त इतके घट्ट होऊ शकते की माणूस गुंगीत जातो. उतारवयातल्या माणसांत, ज्यांना तहान मुळातच कमी जाणवते किंवा ज्यांना पाणी कोणीतरी हातात आणून द्यावे लागते, त्यांच्यात हे अधिक घडते. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले आहे त्यांची गोष्ट वेगळी, आणि त्यांनी तहान वाढताच डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी साधे पाणी तहान असेल तेवढे प्यावे. उसाचा रस मात्र पिऊ नये, कारण एका पेल्यात तीस-पस्तीस ग्रॅम साखर असते. ती रक्तातली साखर आणखी चढवते, लघवी आणखी वाढते, आणि तासाभरात पुन्हा तीच तहान लागते. इंदूरच्या उन्हाळ्यात रस आणि शिकंजीने तहान भागवणारा माणूस याच फेऱ्यात सापडतो.

कृष्णपुरा (इंदूर)

आपण दिलेला आकडा घेऊन मी कागदावर मांडणी केली, आणि ती जुळली नाही, म्हणून पुन्हा लिहितो. योगायोगाने इन्सुलिन सुरू करण्याआधीच्या चोवीस तासांची लघवी डॉक्टरांनी मोजायला सांगितली होती. वहिनीने ती मापाच्या भांड्याने मोजून कॅनमध्ये भरली. ती पावणेपाच लिटर झाली आणि प्रयोगशाळेने तिच्यात एकूण २३७ ग्रॅम साखर सांगितली. म्हणजे रोज सुमारे ९५० कॅलरी बाहेर गेल्या. दुसऱ्या बाजूला चार वाढीव पोळ्यांच्या ४०० आणि दोन पेले रसाच्या साधारण २६०, अशी ६६० कॅलरींची जास्तीची आवक होती. रोजची तूट ३०० कॅलरींच्या आसपास येते, आणि दहा आठवड्यांची २१ हजार. एक किलो चरबीला सुमारे ७७०० कॅलरी धरतात असे मी वाचले आहे. त्या हिशेबाने पावणेतीन किलो जायला हवे होते. मग नऊ किलो कसे गेले?

जुना वर्ग (ग्वाल्हेर)

आपण हा हिशेब केलात याचे मला मनापासून समाधान वाटले, कारण आजाराचे मर्म याच न जुळण्यात आहे. आपण गृहीत धरलेत की गेलेले सगळे वजन चरबीचे आहे, पण तसे नसते.

यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा असतो, आणि तो आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी धरून बसलेला असतो. तो साठा रिता झाला आणि सोबत शरीरातले पाणी थोडे आटले, की पहिल्या काही दिवसांतच दोन किलोंच्या आसपास वजन उतरते. हे वजन उपचारानंतर तितक्याच लवकर परत येते.

मोठा भाग मात्र स्नायूंचा असतो. इन्सुलिनचे काम फक्त दार उघडणे नाही. साठे मोडू नका, हा निरोपही तेच देते. तो निरोप थांबला की यकृताला वाटते की माणूस उपाशी आहे, आणि रक्तात साखर दुथडी भरून वाहत असतानाही ते नवी साखर तयार करून रक्तात सोडत राहते. त्यासाठी कच्चा माल लागतो, आणि तो स्नायूंतली प्रथिने मोडून मिळतो. स्नायूंची साखर होते, साखर रक्तात येते, आणि मूत्रपिंडातून गळून जाते. उपवासाच्या दिवशीही अशा रुग्णाची साखर उतरत नाही, याचे कारणही हेच.

आता आपला आकडा पाहू. एक किलो चरबी ७७०० कॅलरी देते, पण एक किलो स्नायूत तीन चतुर्थांश पाणीच असते, म्हणून तो मोडून जेमतेम हजार कॅलरी मिळतात. तूट तेवढीच असताना चरबीऐवजी स्नायू मोडले, तर काट्यावरचे वजन कितीतरी वेगाने उतरते. आपल्या भावाचे दोन किलो साठ्याचे आणि पाण्याचे, साडेचार किलोंच्या आसपास स्नायूंचे आणि अडीच किलो चरबीचे गेले असे धरले, तर नऊ किलोही होतात आणि आपले २१ हजारही जवळपास भरतात. हा अंदाज आहे, मोजमाप नाही, परंतु अशा रुग्णांचे दंड आणि मांड्या आधी का ओसरतात, ते यावरून कळते. भावाला जिना चढताना मांड्या भरून येत असत का, हे विचारून पाहावे.

कृष्णपुरा (इंदूर)

विचारले. कापडाचा गठ्ठा वरच्या फळीवर चढवताना हात थरथरत असत, आणि म्हणून दोन महिने ते काम तो नोकराकडून करवून घेत होता, असे त्याने आज प्रथमच सांगितले.

काचनळी (इंदूर)

मी खासगी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. सरांच्या हिशेबात मला एक गोष्ट खटकली. ५४० ग्रॅम भागिले १८० लिटर केल्यास लिटरला तीन ग्रॅम, म्हणजे रक्तातली साखर ३०० होईपर्यंत लघवीत काहीच उतरू नये. प्रत्यक्षात १८० ते २०० साखर असलेल्यांच्या लघवीतही आमच्या पट्टीचा रंग बदलतो. आणि उलट, काही वयस्कर रुग्णांची साखर २५० असूनही पट्टी कोरी राहते.

जुना वर्ग (ग्वाल्हेर)

आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि मी ते सोपेपणासाठी वगळले होते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि सगळ्यांची क्षमता सारखी नसते. काहींकडे गाळणे जास्त आणि परत घेण्याची नळी आखूड, अशी रचना असते. त्या १८० च्या आसपासच गळू लागतात, बाकीच्या नंतर गळतात, म्हणून गळती एकदम सुरू न होता हळूहळू वाढते. वय वाढले किंवा मूत्रपिंडे थकली की मुळात गाळलेच कमी जाते, त्यामुळे २५० लाही पट्टी कोरी राहू शकते. गरोदरपणात याच्या उलट होते आणि रक्तातली साखर ठीक असतानाही लघवीत थोडी उतरते. म्हणूनच मधुमेहाचे निदान लघवीवरून करत नाहीत.

तुळशीवृंदावन

आमच्या सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत. त्यांची साखर गेली दोन वर्षे २३० ते २५० असते, पण त्यांना ना तहान आहे, ना जास्तीची भूक, आणि वजन तर वाढतेच आहे. मग त्यांना खरा मधुमेह नाही असे समजायचे का? त्या स्वतः तसेच म्हणतात आणि गोळी टाळतात.

जुना वर्ग (ग्वाल्हेर)

ताई, त्यांना मधुमेह आहेच. तहान, भूक आणि वजनघट ही तिन्ही एकत्र दिसायला दोन गोष्टी लागतात. साखर मूत्रपिंडाची मर्यादा ओलांडून बरीच वर जावी लागते, आणि इन्सुलिन इतके कमी पडावे लागते की साठे मोडू लागतील. सासूबाईंकडे इन्सुलिन आहे, पण त्याचा परिणाम पुरेसा होत नाही. साठे टिकवण्याचे काम थोड्या इन्सुलिननेही होते, म्हणून वजन उतरत नाही. टाइप २ च्या बहुतेक रुग्णांचे वर्षानुवर्षे असेच असते, आणि डोळ्यांच्या पडद्याचे व मूत्रपिंडांचे नुकसान त्या काळात काहीही न जाणवता होत राहते. त्यांच्या मूत्रपिंडांची तपासणी झाली नसेल, तर या आठवड्यात करून घ्यावी.

सयाजीबाग (बडोदे)

मला भुकेबद्दल लिहायचे आहे, कारण आमच्या घरी तिनेच आम्हाला फसवले.

माझी मुलगी तेव्हा ११ वर्षांची होती. ती शाळेतून येताना पाण्याची बाटली रिकामी आणून पुन्हा पाणी मागत असे, आणि सातव्या वर्षी सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले होते. भूक इतकी होती की ती शेवखमणीची बशी संपवून लगेच भाकरी मागत असे. आम्ही म्हटले, वाढीचे वय आहे. साधारण तीन आठवड्यांनी तिची भूक अचानक थांबली, आणि खरे सांगते, मला हायसे वाटले. त्याच संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि पोटात दुखू लागले. जवळच्या दवाखान्यात पित्त म्हणून औषध दिले गेले, पण साखर कोणी तपासली नाही. पहाटे तिचा श्वास लांब आणि जोरात चालू होता, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, आणि ती मला ओळखत होती तरी उत्तर देत नव्हती. मोठ्या रुग्णालयात साखर ५४० निघाली आणि ती चार दिवस अतिदक्षता विभागात होती. आज ती १६ वर्षांची आहे आणि आपले इन्सुलिन स्वतः घेते.

कृष्णपुरा दादा, तुमच्या भावाची भूक इन्सुलिन चालू असताना आणि साखर उतरत असताना कमी झाली, तर ती चांगली खूण आहे. साखर चढलेली असताना भूक गेली, तर तासभरही थांबू नका.

जुना वर्ग (ग्वाल्हेर)

बडोद्याच्या ताईंनी लिहिलेले प्रत्येकाने दोनदा वाचावे. इन्सुलिन जवळजवळ संपले की चरबी बेसुमार मोडते आणि यकृत तिच्यापासून कीटोन बनवते. ते रक्तात साचून रक्त आम्ल होते, मळमळ सुरू होते, आणि भूक मरते. उलट्यांमुळे पाणी पिता येत नाही, लघवीतून मात्र ते जातच राहते, म्हणून अवस्था काही तासांत बिघडते. तहान आणि लघवी वाढलेल्या मुलाला उलट्या होत असतील, तर बोटाच्या एका थेंबाने साखर पाहायला मिनिटही लागत नाही. ती पाहिली गेली नाही, याचे मला अजूनही फार वाईट वाटते.

मालवी

माझे उत्तर अपुरे होते हे मान्य करतो. तरीही मूळ प्रश्नातला एक भाग राहिलाच आहे. मेंदूला साखर मिळते असे आपण म्हणता, मग त्याला भूक कशाने लागते?

जुना वर्ग (ग्वाल्हेर)

हा भाग सगळ्यात अवघड आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर अजून झालेले नाही. मेंदू भूक ठरवताना रक्तातली साखर पाहतो, पण त्याहून अधिक लक्ष तो साठ्याकडून येणाऱ्या निरोपांवर ठेवतो. इन्सुलिन हा त्यातला एक निरोप आहे. दुसरा चरबीतून येणारा लेप्टिन नावाचा पदार्थ, ज्याचा शोध १९९४ साली लागला. चरबी आणि इन्सुलिन दोन्ही घटले की दोन्ही निरोप क्षीण होतात, आणि मेंदूला कोठार रिकामे होत असल्याचे कळते. आणि ते खरेच रिकामे होत असते, म्हणून या भुकेला खोटी भूक म्हणणे मला पटत नाही. मधुमेह झालेल्या उंदरांत लेप्टिनची पातळी पूर्ववत केल्यावर साखर चढलेली असतानाही त्यांचे अति खाणे थांबल्याचे प्रयोगांत दिसले आहे. माणसांत या दोन निरोपांचा वाटा नेमका किती, आणि रोज वाहून जाणाऱ्या कॅलरींचा थेट किती, हे मी ठामपणे सांगणार नाही.

काचनळी (इंदूर)

एक पुरवणी जोडतो. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या मूत्रपिंडाची साखर परत घेण्याची यंत्रणाच अंशतः बंद करतात. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असणाऱ्या या गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत साखर नेहमीच भरपूर दिसते, आणि वजनही दोन-तीन किलोंनी उतरते. असे अहवाल पाहून नातेवाईक आमच्या खिडकीशी घाबरून येतात. रक्तातली साखर पाहिल्याशिवाय त्या अहवालावरून काही ठरवू नये.

जुना वर्ग (ग्वाल्हेर)

बरोबर. फक्त एवढे जोडतो की या गोळ्या घेणाऱ्याला उलट्या आणि थकवा असेल, तर रक्तातली साखर फार चढलेली नसतानाही कीटोन वाढलेले असू शकतात, म्हणून तेही तपासावे.

कृष्णपुरा (इंदूर)

इन्सुलिन सुरू होऊन आज बारा दिवस झाले. सकाळची उपाशीपोटीची साखर १४० ते १६० आहे. रात्री पाच वेळा उठणारा भाऊ आता एकदाच उठतो. भूक चौथ्या-पाचव्या दिवसापासून उतरली, आणि सयाजीबाग ताईंचे वाचल्यामुळे मी त्या दिवशी मुद्दाम साखर तपासून घेतली. ती १८५ होती, तेव्हा कुठे जीवात जीव आला. धान्याच्या काट्यावर तो ६४.५ किलो भरला, आणि त्यातले बरेचसे पाणीच असावे हे मी आता समजू शकतो.

दोन गोष्टी अजून कळायच्या आहेत. त्याला जवळचे धूसर दिसू लागले आहे. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याचा पडदा तपासून तो ठीक असल्याचे सांगितले. साखर झपाट्याने उतरल्यामुळे डोळ्यातल्या भिंगातले पाणी बदलते, म्हणून महिना-दीड महिना नवा चष्मा करू नका असे ते म्हणाले. दुसरे म्हणजे, हा टाइप २ आहे की उशिरा आलेला टाइप १, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. प्रतिपिंडांच्या तपासणीचा अहवाल यायचा आहे. इन्सुलिन किती बनते ते दाखवणारी सी-पेप्टाइडची तपासणी त्यांनी मुद्दाम पुढे ढकलली आहे.

जुना वर्ग (ग्वाल्हेर)

ते योग्यच केले. साखर फार चढलेली असताना इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी काही काळ मंदावतात, आणि त्या वेळी केलेली तपासणी शून्याजवळचा आकडा दाखवून दिशाभूल करते. साखर काही आठवडे आटोक्यात राहिल्यावर कित्येकांचे इन्सुलिन कमी होते, काहींचे बंदही होते. काहींना मात्र ते कायमचे लागते. प्रतिपिंडांचा अहवाल आला की इथे जरूर लिहा, आणि तोपर्यंत भावाने एकही मात्रा आपल्या मनाने सोडू नये.

कृष्णपुरा (इंदूर)

लिहितो. आज त्याने गठ्ठा स्वतः वर चढवून पाहिला. अजून अर्ध्यावरच हात थकतात.